पिशवीच्या टीबीचा कोर्स चालू असतानाच दिवस राहिलेत, गोळ्या बंद करायच्या का? (जरा घाईत आहे)

खाडीपल्याड
नमस्कार मंडळी, नेहमी वाचनमात्र असते पण आज लिहायलाच लागतंय. माझ्या धाकट्या बहिणीबद्दल आहे. वय २८, लग्नाला पाच वर्षं झाली, दापोलीच्या खाली किनाऱ्यावरच्या गावात दिलीय. मूल नाही म्हणून सगळं करून झालं, नवस, वैदू, दोन डॉक्टर. पाळी अगदी कमी, दीड दिवस जेमतेम जाते, कधी महिना चुकतो पण. शेवटी डाय टाकून नळ्यांचा एक्सरे काढला त्यात उजवी नळी बंद आणि डावीतून डाय उशिरा सुटला, रिपोर्टमध्ये नळी मण्यांसारखी दिसते असं काहीतरी लिहिलंय. मग पिशवीतला तुकडा काढून तपासला, त्यात टीबी पीसीआर पॉझिटिव्ह आला म्हणून शिमग्याच्या आधी टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. पहिले पंधरा दिवस प्रायव्हेटच्या, नंतर सरकारी. खोकला ताप काही नाही, छातीचा एक्सरे क्लिअर आहे.

डॉक्टरांनी सहा महिने थांबा, राहू देऊ नका असं सांगितलं होतं, पण पाच वर्षांत राहिलं नाही ते आता काय राहणार म्हणून दोघांनी मनावर घेतलं नाही. आणि आता मिरग लागला त्याच आठवड्यात घरी टेस्ट केली तर दोन रेघा!! आनंद करायचा का रडायचं ते कळेना. गावातल्या डॉक्टरने सांगितलं की एवढी जहाल औषधं पोटात गेलीत, खाली करून घ्या, कोर्स पुरा करा, मग बघू. सासू म्हणते पाच वर्षांनी राहिलंय तर गोळ्या फेकून द्या. बहिणीने मधल्यामध्ये चार दिवस गोळ्या घेतल्याच नाहीत. कोणाला अनुभव आहे का, नक्की काय करायचं?

काजूबोंडू
अभिनंदन आधी! माझ्या वहिनीला पण थायरॉइडच्या गोळ्या चालू असताना राहिलं होतं, काही झालं नाही, मुलगा आता दुसरीत आहे. टेन्शन घेऊ नका.

खाडीपल्याड
थँक्यू ताई, पण थायरॉइड वेगळं ना हो. ह्या टीबीच्या आहेत.

दशावतारी
मी मालवणीतच लिवतंय, समजून घेवा. आमच्या वाडयेत एका बाईक पोटुशी असताना टीबी झालो होतो, दोन म्हयने रोज सुई मारीत होते तेका. झील झालो पण तेका आयकाक येणा नाय. तेवापासून सगळे म्हणतत पोटात पोर असताना टीबीची औषधां नको. माका जास्त काय म्हायत नाय, पण इचार करा बाये.

सुरंगी
खाडीपल्याड, मी स्त्रीरोगतज्ज्ञ होते, आता प्रॅक्टिस बंद केलीय, चिपळूणला असते. सगळ्यात आधी एक विचारते, गोळ्यांचं नंतर बोलू. सोनोग्राफी झालीय का? खालून केलेली?

खाडीपल्याड
नाही मॅडम. फक्त घरची टेस्ट. पाळीची तारीख पण नक्की सांगता येत नाही तिला, शेवटच्या पाळीला साधारण सव्वा महिना होऊन गेला असेल.

सुरंगी
मग आज गोळ्यांची चिंता दुसऱ्या नंबरवर ठेवा. जिच्या नळ्या टीबीने, किंवा कशानेही असो, खराब झाल्यात तिला दिवस राहिले की ते पिशवीत राहिलेत की नळीत हे आधी बघायचं असतं. उजवी बंद आहे म्हणजे गर्भ डावीकडूनच आला, आणि ती डावी पण उशिरा डाय सोडणारी, आतून खरबरीत. अशा नळीत बीज शुक्राणूची गाठ पडते, पण तयार झालेला गर्भ पिशवीपर्यंत सरकत नाही, तिथेच चिकटून वाढायला लागतो आणि मग सहाव्या-आठव्या आठवड्यात नळी फुटते. पोटात रक्त जातं, आणि तुमची बहीण आहे किनाऱ्यावर, वर पावसाळा. रात्री गाडी मिळाली तरी रक्ताची पिशवी आणि ऑपरेशन थिएटर कुठे मिळणार त्याचा विचार करा.

म्हणून उद्याच रक्तातलं बीटा एचसीजी, म्हणजे गरोदरपणाचं हार्मोन, आणि खालून सोनोग्राफी. बीटा दीड-दोन हजाराच्या वर असेल तर पिशवीत गर्भाची सॅक दिसायला हवी. कमी असेल तर अठ्ठेचाळीस तासांनी परत बीटा, चांगल्या गर्भात साधारण दुपटीच्या आसपास जातो. आणि सॅक दिसली एवढ्याने खूश होऊ नका, नळीतल्या गर्भात पण पिशवीत कधीकधी नुसती पाण्याची जागा दिसते आणि फसायला होतं. सॅकच्या आत गर्भाला पोसणारी छोटी योक सॅक दिसली की मग पिशवीत आहे असं धरायचं.

तोवर एका बाजूला ओटीपोटात दुखणं, खांद्याच्या टोकाला दुखणं, चक्कर, थोडं थोडं काळपट अंगावर जाणं, यातलं काहीही झालं तर ॲसिडिटी म्हणून घरात बसायचं नाही. शक्य असेल तर दोन आठवडे तिला शहरात कोणाकडे आणून ठेवा.

खाडीपल्याड
बापरे. हे कोणी सांगितलंच नाही. आज रात्रीच निघायला सांगते, माझ्याकडे रत्नागिरीला आणते.

सुरंगी
रात्री नको, आत्ता दुखत नाहीये ना? मग सकाळी दिवसाउजेडी निघा. दुखत असेल तर मात्र सरळ दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात, रत्नागिरीची वाट बघत बसू नका.

आता गोळ्या. दशावतारी म्हणतात ते खोटं नाही, पण ती सुई वेगळी. स्ट्रेप्टोमायसिन. ती वारेतून बाळाकडे जाते आणि कानाची नस खराब करते, म्हणून गरोदरपणात ती देतच नाहीत. त्याच जातीच्या अमिकासिन, कॅनामायसिन ह्या सुया पण नाही. पूर्वी दुसऱ्यांदा टीबी झालेल्यांना दोन महिने स्ट्रेप्टोमायसिन असायचं, त्यामुळे गावोगाव अशी एखादी गोष्ट ऐकायला मिळते आणि मग सगळ्याच औषधांना तो डाग लागतो. तुमच्या बहिणीच्या कोर्समध्ये सुई आहे का?

खाडीपल्याड
नाही, सुई एकही नाही. आधी लालसर तीन गोळ्या होत्या एकदम घ्यायच्या, दोन महिन्यांनी पाकीट बदललं, आता पण तीनच आहेत. वजन ४४ आहे तिचं.

टीयू_सायकलवाला
मी टीबी विभागात सुपरवायझर आहे, तालुका सांगत नाही. ४४ किलोला तीन गोळ्या बरोबर, ३५ ते ४९ ला तीन. पहिले दोन महिने चार औषधं एका गोळीत असतात, आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल. दोन महिन्यांनी पाकीट बदललं म्हणजे त्यातलं पायराझिनामाइड गेलं, बाकी तीन राहिली चार महिने.

गरोदर बायकांना आम्ही हाच कोर्स देतो, वेगळा नाही. पोटात मूल आहे म्हणून टीबीच्या गोळ्या बंद, असं आमच्या प्रोग्राममध्ये कुठेच नाही. खाली करा तर अजिबातच नाही. माझ्याकडे दरवर्षी एकदोन तरी असतात. फक्त कार्डावर गरोदर म्हणून नोंद करायला सांगा, सोबत बी-सिक्सची गोळी रोज, कारण आयसोनियाझिड ते बी-सिक्स खाऊन टाकतं आणि हातापायाला मुंग्या येतात, गरोदरपणात गरज अजून वाढते. चार दिवस चुकले त्याने कोर्स पहिल्यापासून सुरू करायचा नाही, ते दिवस शेवटी जोडतात. उद्यापासून घ्यायला सांगा.

आणि निक्षयमध्ये, म्हणजे सरकारी टीबी नोंदणीत, नाव आहे ना? मग पोषणाचे पैसे हप्त्यांनी खात्यात येतात, नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याचे ५०० चे १००० केलेत. खातं लिंक नसेल तर अडकतात, आशाताईला विचारा.

खाडीपल्याड
एकदा आले होते, नंतर नाही. विचारते.

वाडीकर_बोरिवली
मी डॉक्टर नाही पण थोडं वाचलंय. पायराझिनामाइड गरोदरपणात चालत नाही असं अमेरिकेत सांगतात, तिथे ते काढून नऊ महिने कोर्स देतात. मग आपल्याकडे कसं चालतं?

सुरंगी
वाचलंय ते अर्धं बरोबर आहे. अमेरिकेत पुरेसा डेटा नाही म्हणून ते टाळत आले, नुकसान दिसलं म्हणून नव्हे. जागतिक आरोग्य संघटना आणि आपला कार्यक्रम दोघंही गरोदरपणात ते देतात. आणि इथे तो प्रश्नच उरत नाही, पाकीट बदललं मे महिन्यात आणि तारखांच्या अंदाजाने गर्भ राहिला त्याच्या नंतर. उरलेल्या तिन्ही औषधांचा गरोदरपणातला अनुभव कित्येक दशकांचा आहे.

धोका बाळापेक्षा आईच्या लिव्हरला जास्त बघावा लागतो. आणि इथे एक गोची असते. तिसऱ्या महिन्यापर्यंत उलट्या मळमळ बहुतेकींना असतेच, त्यामुळे गोळ्यांनी कावीळ होतेय का हे उलटीवरून कळत नाही. लघवी पिवळी बघायची म्हटलं तर रिफॅम्पिसिनने ती आधीच केशरी. म्हणून डोळ्यांचा पांढरा भाग उजेडात बघायचा, उजव्या बरगडीखाली दुखतं का विचारायचं, सकाळपुरती मळमळ नसून दिवसभर अन्नाची शिसारी आहे का बघायचं, आणि एसजीपीटी, म्हणजे लिव्हरची रक्तचाचणी, महिन्याला करून घ्यायची. त्रास होतोय आणि एसजीपीटी नॉर्मलच्या तिप्पट गेलं, किंवा त्रास नसतानाही पाचपट गेलं, तर गोळ्या थांबवतात. पण ते डॉक्टर थांबवतात, सासूबाई नाही. बाळंतपणानंतरचे दोन-तीन महिने पण लिव्हर नाजूक असतं, पण तोवर हिचा कोर्स संपलेला असेल.

वाडीकर_बोरिवली
ओके, समजलं. पण टीबी गोल्ड करून घेतलं का? त्याने एकदम कन्फर्म होतं ना टीबी आहे की नाही.

लांजेकर_लॅब
नाही होत. मी मुंबईत मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये आहे, दिवसभर हेच बघतो. टीबी गोल्ड आणि हातावरची मॉन्टू, दोन्ही फक्त एवढंच सांगतात की कधीतरी टीबीचे जंतू अंगात शिरले होते. आपल्या देशात मोठ्या माणसांत ते कितीतरी जणांचं पॉझिटिव्ह येईल, आजार नसताना. आणि रक्तातलं टीबी आयजीजी आयजीएम तर सरकारने २०१२ मध्ये बंदच केलंय, तरी अधूनमधून कोणीतरी जुना रिपोर्ट घेऊन येतंच.

खाडीपल्याड, मला मूळ रिपोर्टबद्दल विचारायचंय. त्यावर सीबीनॅट, म्हणजे मशीनवर होणारी ठरीव टीबी चाचणी, लिहिलंय की नुसतं टीबी पीसीआर? आणि तुकड्याचा दुसरा रिपोर्ट, हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याचा, त्यात काय आहे? जंतू उगवतात का ते बघायला कल्चर लावलं होतं का?

खाडीपल्याड
फोटो मागवला बहिणीकडून. एकावर "टीबी पीसीआर पॉझिटिव्ह" एवढंच, सीबीनॅट शब्द नाही. दुसऱ्यावर क्रॉनिक एंडोमेट्रायटिस लिहिलंय आणि ग्रॅन्युलोमा दिसला नाही असं. कल्चरचा कागद नाही.

लांजेकर_लॅब
अंदाज होताच. कल्चर का नाही त्याचं कारण बहुतेक हे, की सगळा तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकला गेला असणार आणि पीसीआरला वेगळा थोडासा. फॉर्मेलिनमध्ये टाकलं की जंतू मेले, मग कल्चर लावून काय उगवणार. टीबीची शंका असेल तर तुकड्याचे दोन भाग करायचे, एक फॉर्मेलिनमध्ये पॅथॉलॉजीला आणि एक साध्या सलाइनमध्ये कल्चर आणि सीबीनॅटला. ऑपरेशन थिएटरमध्ये बाटली कुठली हातात येते त्यावर पुढचे सहा महिने ठरतात, खोटं वाटेल पण आमच्याकडे असे सॅम्पल रोज येतात.

आता पीसीआर. लॅबमध्ये घरच्या घरी बनवलेल्या किटवर केलेला पीसीआर इतका संवेदनशील असतो की मेलेल्या जंतूचा तुकडा पण पकडतो आणि शेजारच्या सॅम्पलमधून उडालेला कणही. पिशवीच्या टीबीत जंतू मुळातच फार कमी असतात, त्यामुळे खरं पॉझिटिव्ह कुठलं आणि खोटं कुठलं ते एकट्या कागदावरून सांगता येत नाही. आपल्या देशाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांचाही रोख हाच आहे, नुसत्या पीसीआरवर बायकांना टीबीची औषधं लावू नका. सीबीनॅट पॉझिटिव्ह आलं तर मी मान्य करतो, पण त्याची अडचण उलटी, तो निगेटिव्ह आला तरी टीबी नाही असं म्हणता येत नाही.

म्हणून मला विचाराल तर हिला टीबी होता हे सिद्ध झालेलंच नाही. मग गरोदरपणात अजून अडीच-तीन महिने औषध का घ्यायचं हा प्रश्न विचारायला हवा.

केळीचे_पान
अहो पण औषध घेतल्यावरच राहिलं ना, पाच वर्षं राहिलं नव्हतं. म्हणजे टीबीच होता. साधी गोष्ट आहे.

लांजेकर_लॅब
साधी नाहीये. डाय टाकला तेव्हा नळीतला मळ निघून गेल्याने पण काहींना पुढच्या काही महिन्यांत राहतं. आणि काहीच न करताही राहतं. एका बाईवरून कळत नाही.

सुरंगी
लांजेकर, लॅबच्या बाजूने तुमचं सगळं बरोबर. पण पेशंटच्या बाजूने बघा. पाळी दीड दिवसावर आलेली, एक नळी बंद, दुसरी मण्यांसारखी. मण्यांसारखी म्हणजे नळी जागोजाग आवळलेली आणि मधे फुगलेली, ते चित्र माझ्या अनुभवात साध्या इन्फेक्शनमध्ये क्वचित दिसतं. हिस्टोपॅथ निगेटिव्ह आलं त्यालाही फार वजन नाही, पिशवीचं अस्तर दर महिन्याला पडून जातं, टीबीच्या गाठी, म्हणजे ग्रॅन्युलोमा, तयार व्हायला वेळच मिळत नाही, म्हणून तुकडा पाळीच्या अगदी आधीच्या दिवसांत काढायचा असतो. हिचा कधी काढला?

खाडीपल्याड
पाळी झाल्यावर, नवव्या-दहाव्या दिवशी असं म्हणते ती.

सुरंगी
मग झालंच. चुकीच्या दिवशी काढलेला तुकडा निगेटिव्ह येणारच. मी असते तर औषध सुरू करायच्या आधी दुर्बीण टाकून पोटात बघितलं असतं. नळ्यांवर पांढरे दाणे, चिकटलेली आतडी, लिव्हरवरून गेलेले पडद्यासारखे धागे, असं काही दिसलं असतं तर तिथूनच सॅम्पल घेता आलं असतं आणि हा वाद राहिला नसता. ते झालं नाही. आता गर्भ आहे, तुकडा परत काढता येत नाही, दुर्बीण टाकायचं कारण नाही. म्हणजे टीबी होता की नव्हता हे आत्ता कोणीच सांगू शकत नाही.

अशा वेळी मी दोन चुका शेजारी ठेवते. टीबी नसताना तीन औषधं अजून अडीच-तीन महिने घेतली, ज्यांचा गरोदरपणातला अनुभव चांगला आहे. किंवा टीबी असताना साडेतीन महिन्यांवर सोडलं, तो पोटात परत पसरला, आणि पिशवीच्या टीबीतून बाळाला लागण होण्याची जी फार दुर्मिळ पण वाईट शक्यता आहे ती ओढवून घेतली. मी पहिली चूक पत्करेन.

लांजेकर_लॅब
मॅडम मला पटतंय पण पूर्ण नाही. हा युक्तिवाद लावला तर एकदा चुकीने सुरू झालेलं औषध कधीच थांबवता येणार नाही. माझं म्हणणं एवढंच की जिल्हा टीबी अधिकाऱ्यांकडे सगळे कागद एकदा परत दाखवा, नळ्यांची फिल्म पण. आपणहून बंद नको, ते मला पण मान्य आहे.

टीयू_सायकलवाला
हे बरोबर. सिव्हिलला जाताना फिल्म घेऊन जा, नुसता रिपोर्ट नको.

पागोळी
मी जरा कडू बोलणार आहे, माफ करा. माझं ३४ वय, सावंतवाडीची. सहा वर्षांपूर्वी मला हाच टीबी, माझं कल्चर पॉझिटिव्ह होतं, संशय नव्हता. सहा महिने गोळ्या एकही न चुकवता घेतल्या आणि सगळे म्हणाले आता राहील. कोणीही सांगितलं नाही की गोळ्या जंतू मारतात, पण मेलेली नळी जिवंत करत नाहीत. दोन वर्षं वाट बघण्यात गेली. नंतर कोल्हापूरला कळलं की दोन्ही नळ्या टोकाला बंद आणि पाण्याने फुगलेल्या, ते पाणी पिशवीत उतरतं आणि टेस्ट ट्यूबचा गर्भ पण टिकू देत नाही. आधी दुर्बिणीने नळ्या पिशवीपासून तोडल्या, मग आयव्हीएफ. अस्तर सहा मिलिमीटरच्या वर जात नाही माझं, दोनदा फेल गेलं. त्यामुळे इथे कोणी कोर्स चालू असलेल्या मुली वाचत असतील तर कोर्स संपला की लगेच नळ्या आणि अस्तर दोन्ही बघायला सांगा, वर्ष दोन वर्षं नुसती वाट बघू नका. खाडीपल्याड, तुमच्या बहिणीचं नशीब चांगलं आहे, मनापासून म्हणतेय.

खाडीपल्याड
ताई काय बोलू. तुमचं वाचून रडू आलं.

काजूबोंडू
घरात बाकीच्यांना लागणार नाही ना पण? सासूची भांडी वेगळी ठेवली होती आमच्याकडे टीबी झाला तेव्हा. लहान मुलं आहेत का घरात?

टीयू_सायकलवाला
पिशवीतला टीबी खोकल्यातून पसरत नाही हो. छातीचा एक्सरे क्लिअर आहे असं त्यांनी वरच लिहिलंय. भांडी एकत्र ठेवा.

खाडीपल्याड
अपडेट देते. परवा रत्नागिरीत सोनोग्राफी झाली. बीटा २३०० च्या आसपास आला होता. पिशवीत छोटी सॅक दिसली आणि आत योक सॅक पण! डॉक्टरांनी डावीकडची बाजू मुद्दाम बराच वेळ बघितली, तिथे काही नाही म्हणाल्या. ठोके अजून नाहीत, साधारण साडेपाच आठवड्यांचं वाटतंय, दोन आठवड्यांनी परत बोलावलंय. पाळीच्या तारखेपेक्षा आठवडाभर मागे आहे पण तिची पाळी बेभरवशाचीच म्हणून काळजी नको म्हणाल्या. एसजीपीटी ३१. गोळ्या परत चालू केल्यात, बी-सिक्स आणि फोलिक ॲसिड पण. सिव्हिलला टीबीच्या डॉक्टरांनी फिल्म बघितली आणि कोर्स पुरा करा म्हणाले, पण पीसीआरवर सुरू केलं म्हणून थोडं नाकही मुरडलं.

सुरंगी
वा! पिशवीत आहे, आता मी शांत झोपते. तरी अस्तर टीबीने खराब असेल तर पहिल्या तीन महिन्यांत गर्भ सुटण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त असते, हे घरच्यांना आत्ताच कानावर घालून ठेवा, नाहीतर काही झालं की बिल गोळ्यांवर फाडलं जाईल.

पुढचं एक लिहून ठेवा कुठेतरी, बाळंतपणाच्या फाईलला लावा. हिचा कोर्स गणपतीच्या आसपास संपेल, त्यामुळे बाळंतपणाच्या वेळी रिफॅम्पिसिन पोटात नसेल. कोणाचं शेवटपर्यंत चालू असेल तर बाळाला जन्मल्यावर व्हिटॅमिन के द्यायचंय हे तिथे आठवणीने सांगायचं, तसं ते सगळ्यांना देतातच. आणि वार फेकून देऊ नका, तिचा एक तुकडा फॉर्मेलिनमध्ये आणि एक सलाइनमध्ये तपासायला पाठवा. लांजेकर आणि माझा वाद सुटलाच तर त्यातून सुटेल, नाही सुटला तरी बाळाला काय बघायचं ते कळेल.

लांजेकर_लॅब
सलाइनची बाटली मी स्वतः पाठवतो पाहिजे तर :) पण मॅडम, सहा महिने औषध झाल्यावर वारेत काही सापडलं नाही तर तुम्ही म्हणणार औषधाने बरं झालं, आणि मी म्हणणार नव्हतंच.

सुरंगी
हो, म्हणणारच.

दशावतारी
बरां झाला बाये. आमच्या वाडयेत सांगतंय, सुई येगळी आणि गोळये येगळे.

खाडीपल्याड
दूध पाजायला चालेल ना नंतर? सासू आत्तापासून विचारतेय.

टीयू_सायकलवाला
गोळ्या चालू असत्या तरी चाललं असतं, दुधात फार थोडं औषध उतरतं. हिच्या तर तेव्हा बंदच असणार. बीसीजी पण नेहमीसारखी, वेगळं काही निघालं तर बाळाचे डॉक्टर सांगतील.

ओहोळ_२७
धागा वाचला सगळा. मी गुहागर साइडची. मला पण टीबी पीसीआर पॉझिटिव्ह आलाय, पाळी व्यवस्थित आहे, नळ्यांचा एक्सरे केलेला नाही, उद्यापासून गोळ्या सुरू करायच्यात म्हणून पाकीट दिलंय. सुरू करू की थांबू? नवरा म्हणतो डॉक्टरांवर संशय घेऊ नको.

लांजेकर_लॅब
रिपोर्टचा फोटो नाव झाकून टाक. तुकडा पाळीच्या कितव्या दिवशी काढला, कशात पाठवला, सलाइनमधला भाग कुठल्या लॅबमध्ये शिल्लक आहे का, ते आज संध्याकाळपर्यंत विचारून घे. शिल्लक असेल तर त्यावर सीबीनॅट आणि कल्चर लावता येईल, कल्चरला सहा आठवडे लागतात पण तुला खोकला ताप नसेल तर तेवढी घाई नाहीये.

सुरंगी
आणि ज्यांनी पाकीट दिलं त्यांनाच जाऊन विचार, पीसीआर सोडून दुसरं काय सापडलं म्हणून औषध देताय. हा संशय नाही, साधा प्रश्न आहे. दुर्बिणीबद्दल त्यांचं काय मत आहे तेही विचार आणि इथे लिही.